ईएफ ५३ की ३८? एकाच हृदयाचे दोन आकडे आणि त्यामागचं मोजमाप



आमच्या मोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काका राहतात. इथल्याच एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून ते निवृत्त झाले. त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली आणि ते घरी आले. मग एका तपासणी शिबिरात त्यांचा इको झाला. रिपोर्टवर लिहिलं होतं, ईएफ ५३ टक्के. बारा दिवसांनी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पुन्हा इको झाला. तिथे आकडा आला ३८ टक्के.

मधल्या दिवसांत डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली होती. घरच्यांनी सरळ हिशोब मांडला. काकू दोन्ही रिपोर्ट घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू एवढी शिकतेस ना, मग सांग. बारा दिवसांत हार्ट पंधरा टक्के खराब झालं. हे त्या गोळीमुळेच ना? बंद करू का?"

मी डॉक्टर नाही. माझी पीएचडी विज्ञानातली आहे आणि माझा रोजचा संबंध मोजमापाशी आणि त्यातल्या चुकांशी येतो. म्हणून पहिलं उत्तर एकच दिलं, "गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा." पण दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले, तेव्हा लक्षात आलं की संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा वाचायला हवं. तुम्ही पुढे कुठल्याही विषयात काम करा, एखादा आकडा बदलला की पहिला प्रश्न हाच पडायला हवा: वस्तू बदलली, की मोजायची रीत बदलली?

ईएफ म्हणजे नक्की काय?

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने पूर्ण भरतो, मग आकुंचन पावतो आणि रक्त शरीराकडे ढकलतो. पण तो कधीच पूर्ण रिकामा होत नाही. भरलेल्या रक्तापैकी जेवढा भाग एका ठोक्यात बाहेर जातो, त्याची टक्केवारी म्हणजे ईएफ. सूत्र अगदी शाळेतलं आहे:

```
EF = (EDV - ESV) / EDV × 100
```

यात `EDV` म्हणजे कप्पा पूर्ण भरलेला असतानाचं आकारमान आणि `ESV` म्हणजे आकुंचन संपल्यावर आत उरलेलं आकारमान. समजा भरताना १०० मिलिलिटर होतं आणि शेवटी ४० उरलं. बाहेर गेलं ६०, म्हणून ईएफ ६० टक्के. हे निरोगी हृदयाचं उदाहरण आहे.

इथे पहिला गैरसमज काढून टाकू. ईएफ ३८ म्हणजे 'हृदय ३८ टक्केच चालतंय' असं नाही. ही परीक्षेची टक्केवारी नाही आणि इथे शंभर कोणालाच मिळत नाहीत. निरोगी हृदयही साधारण एक तृतीयांशाहून जास्त रक्त आतच ठेवतं. त्यामुळे काकांच्या ३८ ची तुलना १०० शी नाही, साधारण ६० शी करायची.

मग नॉर्मल किती?

२०१५ साली अमेरिकेच्या आणि युरोपच्या इको संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पुरुषांसाठी नॉर्मल ईएफ ५२ ते ७२ आणि स्त्रियांसाठी ५४ ते ७४ असा दिलाय. या मर्यादा आल्या कुठून? निरोगी लोकांच्या मोजमापात पुरुषांची सरासरी ६२ आणि प्रमाण विचलन ५ निघालं. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनं घेतली की ५२ आणि ७२ मिळतात. स्त्रियांची सरासरी ६४, विचलन तेवढंच, म्हणून ५४ आणि ७४. बस्स, एवढंच.

म्हणजे 'नॉर्मल' हा शब्द इथे संख्याशास्त्रातला आहे. 'बहुतेक निरोगी लोक या पट्ट्यात सापडतात' एवढंच तो सांगतो. 'या पट्ट्यातला माणूस निरोगी असतो' हे वाक्य त्यातून निघत नाही. काकांचा पहिला आकडा ५३ होता, म्हणजे पुरुषांच्या नॉर्मल पट्ट्याच्या अगदी आतल्या काठावर. शिबिरातून घरी आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो याच आकड्यावर.

५२ च्या खाली आलेल्या पुरुषांचा ईएफ त्याच सूचनांप्रमाणे ४१ पर्यंत सौम्य कमी, ३० ते ४० मध्यम कमी आणि ३० च्या खाली तीव्र कमी धरतात. म्हणजे ३८ हा मध्यम कमी.

एकाच हृदयाचे ५३ आणि ३८ कसे?

आता मुख्य गोष्ट. इकोचं मशीन आकारमान मोजत नाही. ते ध्वनिलहरींपासून चित्र काढतं. चित्रात लांबी, रुंदी मोजता येते आणि त्यावरून आकारमानाचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज बांधायच्या रीती वेगवेगळ्या आहेत.

शिबिरातल्या रिपोर्टवर ईएफशेजारी 'एम-मोड' लिहिलं होतं. या रीतीत कप्प्याच्या वरच्या भागाजवळ, झडपेच्या थोडं खाली, एकच आडवी रेषा घेतात. भरलेला असताना त्या रेषेवर कप्प्याची रुंदी किती आणि आकुंचनानंतर किती, हे दोन आकडे मिळतात. काकांचे होते ५.८ सेंटिमीटर आणि ४.२ सेंटिमीटर. मग मशीन टायकहोल्झचं सूत्र वापरतं. त्यात `D` ही रुंदी सेंटिमीटरमध्ये असते:

```
V = 7 × D³ / (2.4 + D)

D = 5.8  ->  V = 166.6 ml
D = 4.2  ->  V = 78.6 ml
EF = (166.6 - 78.6) / 166.6 × 100 = 52.8
```

कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा, ५३ बरोबर येतो. गणितात काहीच चूक नाही. चूक आहे ती गृहीतकात. एका रेषेवरून अख्खं आकारमान काढायचं, तर कप्प्याचा आकार ठरावीक अंड्यासारखा आहे आणि तो सगळीकडून सारखाच आकसतो, असं मानावं लागतं. निरोगी हृदयात हे बऱ्यापैकी चालून जातं. पण काकांचा अटॅक पुढच्या भिंतीचा होता. त्यांच्या कप्प्याचं खालचं टोक आणि त्याच्या आसपासची भिंत नीट हलत नाही. मोजणारी रेषा मात्र वरच्या, चांगल्या हलणाऱ्या भागातून गेली. दहा जणांच्या रांगेत पहिल्या दोघांना विचारून सगळ्यांचं मत ठरवावं, तसं झालं.

दुसऱ्या रिपोर्टवर 'बायप्लेन सिम्पसन' होतं. या रीतीत छातीच्या खालच्या बाजूने, हृदयाच्या टोकाकडून दोन वेगवेगळ्या दिशांनी चित्र घेतात. दोन्ही चित्रांत कप्प्याची आतली कड रेखाटतात, एकदा भरलेला असताना आणि एकदा आकुंचनाच्या शेवटी. मग मशीन कप्प्याच्या लांबीचे साधारण वीस समान काप पाडतं, प्रत्येक काप चकतीसारखा धरून त्याचं आकारमान काढतं आणि बेरीज करतं. काकडीच्या चकत्या डोळ्यासमोर आणा. काकडी टोकाशी वाकडी असली तरी चकत्यांची बेरीज जवळपास बरोबर येते. काकांचं भरलेलं आकारमान आलं १५० मिलिलिटर, उरलेलं ९३. बाहेर गेलं ५७. ५७ भागिले १५०, म्हणजे ३८ टक्के.

आता कळलं? बारा दिवसांत हृदय बदललंच नव्हतं. पहिल्या रीतीला आजारी भाग दिसला नाही, दुसरीला दिसला. म्हणूनच २०१५ च्या त्या सूचनांत ईएफ काढायला एका रेषेची रीत वापरू नये असं म्हटलंय. आणि गंमत म्हणजे शिबिराच्या रिपोर्टमध्येच खाली एक ओळ होती, की टोकाकडची आणि पुढची भिंत कमी हलते. ती ओळ आणि वरचा ५३ एकमेकांशी जुळत नव्हते. घरच्यांनी ठळक अक्षरातला आकडा वाचला, खालची ओळ राहून गेली.

सिम्पसनही चुकतो

दुसरी रीत चांगली म्हणून ती अचूक, असं समजू नका. तिच्यात दोन चुका नेहमी होतात.

पहिली चूक प्रोब ठेवण्याची. प्रोब हृदयाच्या खऱ्या टोकावर न बसता थोडा वर बसला, तर चित्रात कप्पा तिरका कापला जातो आणि खरा आहे त्यापेक्षा आखूड दिसतो. टोकच चित्राबाहेर राहतं. काकांसारख्या रुग्णात टोकच आजारी असल्याने ईएफ खोटा जास्त येतो. हे ओळखायचं कसं? दोन दिशांच्या चित्रांत कप्प्याची लांबी जवळपास सारखी यायला हवी. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर एक चित्र आखूड आलंय अशी शंका घ्यायची.

दुसरी चूक कड रेखाटण्याची. जाड छाती किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आतली कड धूसर दिसते आणि रेखाटणारा अंदाजाने रेघ ओढतो. अशा वेळी शिरेतून विशिष्ट कॉन्ट्रास्ट देऊन कड स्पष्ट करता येते.

या कारणांमुळे त्याच माणसाचा, हृदयात काही न बदलता, वेगवेगळ्या दिवशी केलेला साधा द्विमितीय इको १० अंकांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. त्रिमितीय इकोत हा फरक कमी, साधारण ५-६ अंकांचा असतो. शिवाय त्या दिवशीचं ब्लड प्रेशर, नाडीचा वेग, ठोक्यांचा अनियमितपणा, यांचाही परिणाम होतो. म्हणून '५५ चा ५१ झाला' यावर रात्रभर जागण्यात अर्थ नाही. तो फरक मोजमापाच्या आवाजात बुडून जातो.

कमी ईएफ काय सांगतो, काय सांगत नाही

काकांच्या आकड्यांकडे पुन्हा बघा. दर ठोक्याला बाहेर जाणारं रक्त ५७ मिलिलिटर आहे. वरच्या निरोगी उदाहरणात ते ६० होतं. जवळपास सारखंच! मग आजार कुठे आहे? आजार या गोष्टीत आहे, की तेवढंच रक्त ढकलायला काकांच्या हृदयाला १०० ऐवजी १५० मिलिलिटरचा कप्पा लागतो. भिंत कमजोर झाली, म्हणून कप्पा ताणून मोठा झाला आणि त्याने कामाची भरपाई केली. काका बसून टीव्ही बघतात तेव्हा त्यांना काही होत नाही. स्टेशनचा जिना चढताना दम लागतो, कारण जादा मागणी आली की वाढवायला फारसं काही शिल्लक नसतं. आणि ताणलेला कप्पा उपचाराशिवाय आणखी ताणत जातो. कमी ईएफची खरी भीती ही आहे.

उलट उदाहरणही घ्या. वर्षानुवर्षं ब्लड प्रेशर जास्त असलेल्या एखाद्या आजींच्या कप्प्याची भिंत जाड आणि कडक झालीय. आत जागाच कमी. भरलेलं आकारमान ७० मिलिलिटर, उरलेलं २५. ईएफ ६४ टक्के, म्हणजे छान नॉर्मल. पण दर ठोक्याला बाहेर गेलं फक्त ४५ मिलिलिटर. आजींच्या पायावर सूज आहे, आडवं झालं की धाप लागते. हेही हार्ट फेल्युअरच, फक्त ईएफ चांगला असलेलं. २०१३ साली त्रिवेंद्रममधल्या रुग्णालयांतून हार्ट फेल्युअरच्या १२०५ रुग्णांची नोंद झाली, त्यात सुमारे २६ टक्के रुग्ण या प्रकारचे होते. म्हणजे लक्षणं असताना 'ईएफ नॉर्मल आहे, काही नाही' म्हणून सोडून देता येत नाही.

आणि ईएफ कमी का झाला, हे तर तो आकडा कधीच सांगत नाही. अटॅक, बंद पडत चाललेल्या रक्तवाहिन्या, दारू, विषाणूंचा संसर्ग, बाळंतपणाच्या आसपास होणारा हृदयाच्या स्नायूचा आजार, कर्करोगाची काही औषधं, अशी कितीतरी कारणं असतात. आकडा दार दाखवतो, आत कोण आहे ते वेगळं शोधावं लागतं.

४० आणि ३५ या रेषा आल्या कुठून?

उपचाराच्या भाषेत ईएफ ४० किंवा कमी असेल तर 'कमी ईएफचं हार्ट फेल्युअर', ४१ ते ४९ मधला गट आणि ५० किंवा जास्त असेल तर 'टिकून राहिलेला ईएफ' अशी विभागणी आहे. ३५ किंवा कमी असेल आणि किमान तीन महिने नीट औषधं घेऊनही वर येत नसेल, तर अचानक मृत्यू टाळण्यासाठी छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार करतात. अटॅकनंतर तर निदान ४० दिवस थांबतात, कारण अटॅकने बधिर झालेला स्नायू पुष्कळदा आपोआप सावरतो.

या रेषांवर निसर्गाने काही खूण केलेली नाही. त्या आल्या चाचण्यांच्या प्रवेशाच्या अटींमधून. त्या शॉक यंत्राच्या २००२ सालच्या मॅडिट-२ चाचणीत ईएफ ३० किंवा कमी असलेले रुग्ण घेतले. २००५ च्या स्कड-हेफ्ट चाचणीत अट होती ३५ किंवा कमी. पण त्या दुसऱ्या चाचणीत प्रत्यक्ष आलेल्या रुग्णांचा मध्यक ईएफ होता २५. म्हणजे पुरावा सगळ्यात दाट आहे २५ च्या आसपास आणि रेषा ओढली गेली ३५ वर. ३४ आणि ३६ च्या दोन रुग्णांमध्ये हृदयाचा फरक जवळपास शून्य, निर्णयाचा फरक मात्र मोठा. म्हणून रेषेजवळच्या रुग्णात चांगले डॉक्टर मोजमाप पुन्हा करतात, कधी एमआरआय करून खात्री करतात. तुम्ही पेपर वाचाल तेव्हा प्रवेशाची अट आणि प्रत्यक्ष आलेल्या रुग्णांची आकडेवारी, दोन्ही बघत जा. दुसरी गोष्ट पेपरच्या पहिल्याच तक्त्यात असते.

तीन महिन्यांनंतर

काकूंनी गोळी बंद केली नाही. डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितलं जे दोन रिपोर्ट सांगत होते, आणि वर हेही, की ३८ साठीच ती गोळी गरजेची आहे. तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी, त्याच सिम्पसन रीतीने इको झाला. भरलेलं आकारमान १३५, उरलेलं ७६, ईएफ ४४.

आता तुम्ही सांगा, सुधारणा झाली का? ३८ चे ४४, म्हणजे फरक ६ अंकांचा. नुसता ईएफ बघितला तर हा फरक मोजमापाच्या आवाजात बसतो. 'सुधारलेला ईएफ' म्हणायची जी व्याख्या २०२१ साली ठरली, तिच्यात ४० किंवा कमीवरून निदान १० अंकांची वाढ आणि नवा आकडा ४० च्या वर, अशा दोन्ही अटी आहेत. काका त्यात बसत नाहीत. पण बाकी पुरावे बघा. भरलेला कप्पा १५० वरून १३५ वर आला, उरलेलं रक्त ९३ वरून ७६ वर आलं, म्हणजे ताणलेला कप्पा आकसतोय. काका जिना एकदाच थांबून चढतात. सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतायत, म्हणून सुधारणा खरी असण्याची शक्यता चांगली आहे, पण शिक्कामोर्तब पुढच्या इकोला.

आणि समजा पुढे ईएफ ५५ झाला, तर गोळ्या बंद? २०१९ साली लंडनमधून आलेल्या ट्रेड-एचएफ चाचणीत हाच प्रश्न होता. त्यातले रुग्ण काकांसारखे अटॅकचे नव्हते. हृदयाचा स्नायू पातळ होऊन कप्पा फुगण्याचा आजार होता आणि तो औषधांनी बरा झाला होता. एकूण ५१ जण. ज्यांची औषधं हळूहळू बंद केली, त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत परत आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. म्हणजे त्या रुग्णांचा चांगला झालेला आकडा औषधांच्या आधारावर उभा होता.

घरात कोणाचा इको रिपोर्ट हातात आला तर ईएफच्या आकड्याआधी त्याच्या शेजारी लिहिलेली रीत वाचा. मग भिंतींच्या हालचालीची ओळ आणि कप्प्याची दोन्ही आकारमानं वाचा. जुन्या रिपोर्टशी तुलना करायची असेल तर आधी दोन्हीकडची रीत सारखी आहे का ते बघा. आणि रिपोर्ट काहीही म्हणो, आडवं झाल्यावर धाप लागणं, पायावर सूज किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

काकूंनी आता दोन्ही जुने रिपोर्ट एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलेत. शिबिराच्या रिपोर्टवर त्यांनी पेनाने लिहिलंय, 'एक रेषेचा'.